पावसाळ्यातला कान आणि त्यातली बुरशी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर कोकणातल्या मुलांना आपल्या भोवतालाकडे डोळे उघडे ठेवून पाहायला शिकवलं. म्हणून आज मी मोठा विषय घेतलेला नाही. कानाच्या नळीत पावसाळ्यात होणारी बुरशी, एवढ्या एकाच आजाराबद्दल बोलणार आहे. हा आजार इथल्या हवेचा आहे आणि इथल्या घराघरांतला आहे. साधारणपणे तो बराही होतो. तरी चुकीच्या उपचारांमुळे तो जितका लांबतो, तितका कानाचा दुसरा कुठलाच किरकोळ आजार लांबलेला मी पाहिलेला नाही.

मृग कोरडा गेला तर आमच्या कान-नाक-घशाच्या दवाखान्यात गर्दी नसते. आर्द्रा लागल्या आणि हवेतला दमटपणा अंगावर चिकटून राहायला लागला, की पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तीच तक्रार घेऊन माणसं यायला लागतात, आणि भाद्रपद सरेपर्यंत ती थांबत नाहीत. आधी कानात खाज येते. ती इतकी आत असते की बाहेरून कान चोळून काहीच होत नाही. मग कान गच्च होतो, दडा बसल्यासारखा वाटतो, स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो. कधी पाण्यासारखा थोडा स्राव येतो आणि सकाळी उशीच्या अभ्र्यावर डाग दिसतो. खाज पुष्कळ आणि दुखणं कमी, ही या आजाराची पहिली ओळख. जिवाणूंमुळे नळी सुजते तेव्हा उलट असतं. तिथे दुखणं पुढे असतं, कानाच्या पाळीला हात लावू देत नाहीत आणि घास चावताना कळ येते.

या माणसांच्या पिशवीत बहुतेक वेळा औषधाची एक बाटली आधीच असते. तिच्याकडे आपण नंतर येऊ. आधी ती नळी पाहू या.

बाहेरच्या भोकापासून पडद्यापर्यंत कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. ती सरळ नसते, थोडी वळलेली असते. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, आणि त्यावरची त्वचा जाडसर. तिथे बारीक केस असतात आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा. त्यावरची त्वचा अतिशय पातळ, जवळजवळ हाडाला चिकटलेली. तिथे ना केस, ना ग्रंथी. टोकाला पडदा. म्हणजे ही एका बाजूने बंद असलेली, अंधारी आणि शरीराच्या उष्णतेने कोमट राहणारी जागा आहे. आत गेलेलं पाणी तिथून सहज बाहेर पडत नाही.

निसर्गाने यावर दोन उपाय केलेले आहेत. एक म्हणजे आपण ज्याला मळ म्हणतो तो. तो तेलकट असतो, पाणी त्वचेत मुरू देत नाही, किंचित आम्लधर्मी असतो आणि जंतूंची वाढ रोखतो. दुसरा उपाय फार कमी लोकांना ठाऊक असतो. कानाच्या पडद्यावरची आणि नळीतली त्वचा जागच्या जागी झडत नाही. ती पडद्याच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेने सरकत राहते. वेग दिवसाला एक दशांश मिलिमीटरच्या आसपास असतो. या सरकत्या त्वचेबरोबर मळ, धूळ, मेलेल्या पेशी, सगळं आपोआप दाराशी येतं. निरोगी कान स्वतःच स्वतःला झाडतो. काडी, हेअरपिन, पेनाचं टोपण किंवा कापसाची कांडी आत घातली की हे काम उलटं होतं. बाहेर येत असलेला मळ आत ढकलला जातो, पातळ त्वचेला ओरखडे पडतात आणि तिचं तेलकट अस्तर पुसलं जातं. पावसाळ्यात ही उघडी पडलेली त्वचा भिजते, फुगते, मऊ पडते. बुरशीला एवढंच हवं असतं.

आता ही बुरशी कुठली? आपल्याकडच्या कानांत मुख्यतः अ‍ॅस्परजिलस जातीच्या बुरशा सापडतात, आणि त्यांतही अ‍ॅस्परजिलस नायजर ही काळी बुरशी फार. त्याखालोखाल कँडिडा. नायजर तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. चाळीत साठवलेल्या कांद्याची साल सोलताना आतल्या पाकळीवर जी काळी पूड दिसते, हाताला लागते आणि धुतल्यावर निघते, ती हीच. तिचे बीजाणू मातीत असतात, धान्याच्या कणगीत असतात, हवेत तर सतत तरंगत असतात. तुमच्या-माझ्या कानात आत्ता या क्षणी दोन-चार असतील. बीजाणू कानात शिरले म्हणून आजार होत नाही. त्यांना रुजायला ओल मिळाली, की होतो. म्हणूनच हा आजार ‘कोणाकडून लागला’ याचा शोध घेण्यात अर्थ नाही. घरातल्या एकाला झाला तर त्याचं ताट-पाणी वेगळं करायची गरज नाही.

याच बुरशीबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो, कारण तिचा उपचाराशी संबंध आहे. सरबतं, गोळ्या, जॅम यांत घातलं जाणारं सायट्रिक आम्ल १९१९ पासून कारखान्यांत बनतं, आणि ते बनवण्याचं काम हीच नायजर बुरशी करते. साखरेच्या पाकात तिला वाढवतात आणि ती आम्ल तयार करते. म्हणजे लिंबाच्या आंबटपणात ती मजेत जगते. दरवर्षी कुणी ना कुणी कानात लिंबाचा रस पिळून येतं. त्याने बुरशी मरत नाही, आधीच सोललेल्या त्वचेची मात्र आग होते. अ‍ॅसेटिक आम्लाचं ठरावीक प्रमाणातलं, २ टक्क्यांचं औषधी द्रावण वेगळं. त्याचा बुरशीवर परिणाम होतो आणि ते तपासूनच दिलं जातं. स्वयंपाकघरातली बाटली म्हणजे ते औषध नव्हे.

आता त्या पिशवीतल्या बाटलीकडे येतो. कान खाजतो म्हणून माणूस औषधाच्या दुकानात जातो आणि ‘कानाचे थेंब’ मागतो. मिळतात ते बहुतेक वेळा प्रतिजैविक आणि स्टेरॉइड यांचं मिश्रण असलेले. यातलं प्रतिजैविक जिवाणूंना मारतं, बुरशीला ते लागूच पडत नाही. उलट नळीत नेहमी राहणारे निरुपद्रवी जिवाणू मेले, की बुरशीशी जागेसाठी आणि अन्नासाठी झगडणारं कुणी उरत नाही. स्टेरॉइड सूज आणि खाज कमी करतं, पण त्याचबरोबर त्वचेची स्थानिक प्रतिकारशक्तीही दाबतं. आणि थेंब पाण्यासारखे असतील तर ते आणखी ओल घालतात.

फसगत होते ती इथेच. पहिल्या तीन-चार दिवसांत खाज खरोखरच कमी होते. ती कमी होते स्टेरॉइडमुळे, बुरशी मेल्यामुळे नव्हे. माणसाला वाटतं औषध लागू पडलं. आठवड्याने खाज दुप्पट होऊन परत येते. मग तीच बाटली पुन्हा. मध्यकर्णातून कान वाहत असताना महिनोन्‌महिने प्रतिजैविकाचे थेंब घालणाऱ्यांत तर ही बुरशी हमखास दिसते. कान वाहायचा थांबत नाही म्हणून ते आणखी थेंब घालतात, आणि आता कान वाहत असतो तो बुरशीमुळे.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. नाव-गाव सांगायचं कारण नाही. पंचेचाळिशीच्या एक काकी. लावणीच्या दिवसांत रोज सहा-सात तास शेतात, डोक्यावर इरलं असूनही केस आणि कान ओले. आषाढात उजवा कान खाजायला लागला. केसातली पिन काढून खाजवायची सवय लागली. घरच्यांनी लसूण घालून कढवलेलं खोबरेल तेल कोमट करून घातलं. दोन दिवस बरं वाटलं, मग कान गच्च झाला. दुकानातून थेंब आणले, आठवडाभर घातले. श्रावण अर्धा सरताना त्या माझ्याकडे आल्या. “डॉक्टर, या बाजूने कुणी हाक मारली तर ऐकूच येत नाही,” असं म्हणाल्या, आणि बोलता बोलता करंगळी कानात घालून हलवत राहिल्या.

दुर्बिणीतून पाहिलं तर नळी भरलेली. भिजलेल्या वर्तमानपत्राचा लगदा कोंबावा तसा करडा, ओलसर थर, आणि त्यावर काळे ठिपके. आमच्या शाखेच्या जुन्या पुस्तकांपासून हीच उपमा चालत आली आहे आणि तिच्याहून नेमकी दुसरी मला माहीत नाही. नीट निरखलं तर त्या थरावर बारीक तंतू उभे दिसतात आणि प्रत्येकाच्या टोकाला काळा मणी. हे बीजाणूंचे झुपके. असं चित्र दिसलं की निदानाला सहसा प्रयोगशाळा लागत नाही. कँडिडाचा थर मात्र पांढरा, मऊ असतो, त्यात तंतू नसतात, आणि तो कधी नुसत्या मळासारखा किंवा पुवासारखा भासतो. अशा वेळी, किंवा उपचारांना दाद न देणाऱ्या कानात, थोडा नमुना काचपट्टीवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशीचे धागे दिसले की शंका मिटते.

५१२ कंपनांचा चिमटा वाजवून तपासलं. कपाळावर टेकवला तर आवाज त्यांना उजव्या, म्हणजे बंद कानातच मोठा आला. उजव्या कानामागच्या हाडावर टेकवल्यावर तो कानासमोर धरल्यापेक्षा जास्त वेळ ऐकू आला. याचा अर्थ ऐकण्याची नस शाबूत आहे, आवाजाची वाट अडली आहे. त्यांना मी हे लगेच सांगितलं, कारण ‘कान गेला’ ही भीती खाजेपेक्षा जास्त छळते. रक्तातली साखर तपासली. ती ठीक निघाली. मधुमेह असता तर पुढचं सगळं जास्त जपून करावं लागलं असतं.

मग सफाई. आजच्या बोलण्यात मला सगळ्यात ठासून सांगायची गोष्ट ही आहे, की या आजारात सफाई हाच उपचाराचा पहिला आणि मोठा भाग आहे, थेंब त्यानंतर. कारण उघड आहे. बुरशीचे धागे त्या लगद्यात विणलेले असतात आणि काही प्रमाणात त्वचेच्या वरच्या, मेलेल्या थरात रुतलेले असतात. भरलेल्या नळीत चार थेंब घातले तर ते वरच्या वर शोषले जातात. खालच्या त्वचेपर्यंत, पडद्यासमोरच्या खोलगट कोपऱ्यापर्यंत ते पोचतच नाहीत. चांगलं औषध वापरूनही कान बरा न झालेली कितीतरी माणसं येतात. त्यांचं औषध बरोबर असतं, फक्त ते बुरशीच्या डोक्यावर साचलेलं असतं.

काकींना आडवं निजवलं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहत, दीड-दोन मिलिमीटरच्या बारीक नळीने तो लगदा शोषून घेतला. आवाज मोठा होतो, कानाशीच वादळ आल्यासारखा, म्हणून आधी सांगून ठेवावं लागतं. नळीच्या त्वचेला व्हेगस नावाच्या नसेची एक फांदी येते, त्यामुळे हत्यार टेकताच काहींना खोकल्याची ढास लागते. काहींना क्षणभर गरगरतं. शोषताना आतली हवा गार होते आणि पडद्यापलीकडे, जवळच असलेल्या तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकांतला द्रव त्यामुळे हलतो. अर्ध्या-एक मिनिटात ते थांबतं. काकींना दोन्ही झालं. मधे थांबलो, पुन्हा सुरू केलं. लगद्याचे मोठे पापुद्रे निघाले, एक तर नळीच्याच आकाराचा साचा होऊन बाहेर आला. आतली त्वचा लाल, सोललेली, पण पडदा अखंड होता. उठून बसल्या आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, “पंखा केवढा वाजतोय.”

आता खेड्यातल्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शक नसतो. तिथे काय? कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात, खरबरीत धातूच्या काडीला कापसाचा पातळ बोळा गुंडाळून कोरडी पुसणी करता येते. एकेक बोळा आत, हलकेच फिरवून बाहेर, कापूस कोरडा आणि स्वच्छ निघेपर्यंत. वेळ लागतो, पण चांगली होते. पाण्याने कान धुणं मात्र मी या आजारात टाळतो. पडद्याला भोक असेल तर पाणी मध्यकर्णात जातं, आणि नसेल तरी नळीत ओल उरते. धुवावंच लागलं तर नंतर नळी पूर्ण कोरडी केल्याशिवाय रुग्णाला सोडू नये. आणि हे सगळं पाहणाऱ्याने, हत्यार असलेल्याने करायचं. रस्त्यावर कान कोरून देणारे किंवा बाजारात मिळणारे कॅमेरा लावलेले कोरणे यांनी नाही. त्यांच्यामुळे झालेल्या पडद्याच्या जखमा आम्ही दुरुस्त करतो.

सफाईनंतर काकींना क्लोट्रिमॅझोल १ टक्का थेंब दिले. या औषधाचं काम समजून घेण्यासारखं आहे. बुरशीच्या पेशीचं आवरण एर्गोस्टेरॉल नावाच्या पदार्थाने बांधलेलं असतं. आपल्या पेशींत त्या जागी कोलेस्टेरॉल असतं. क्लोट्रिमॅझोल बुरशीचं एर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाही. नवं आवरण बनत नाही, जुनं गळकं होतं, वाढ खुंटते. या औषधाच्या गटाला अझोल म्हणतात. त्यातलं कुठलं सर्वांत सरस, यावर २०२१ मध्ये कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले. निकषांत बसणारे जेमतेम ४ अभ्यास मिळाले आणि एक दुसऱ्याहून ठामपणे चांगलं म्हणावं असा पुरावा सापडला नाही. तेव्हा महागडी बाटली म्हणजे चांगली बाटली, असं समजू नका. क्लोट्रिमॅझोल स्वस्त आहे, सगळीकडे मिळतं आणि आपल्या कामाला पुरेसं आहे. बाटलीवर मात्र घटक वाचून घ्या. क्लोट्रिमॅझोलबरोबर बधिर करणारं लिग्नोकेन असेल तर हरकत नाही. त्याच बाटलीत प्रतिजैविक आणि स्टेरॉइडही असेल तर आपण पुन्हा जुन्याच वाटेवर आलो.

थेंब घालण्याची रीत काकींना करून दाखवली, कारण निम्मं औषध चुकीच्या रीतीमुळे मानेवर ओघळतं. बाटली मुठीत दोन-तीन मिनिटं धरून शरीराएवढी कोमट करायची. गार थेंबांनी गरगरतं. दुखरा कान वर येईल असं कुशीवर निजायचं. दुसऱ्या कुणीतरी कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, म्हणजे नळीचं वळण सरळ होतं. लहान मुलाची पाळी खाली आणि मागे ओढायची. चार थेंब घालायचे, मग नळीच्या तोंडाशी असलेला कूर्चेचा उंचवटा बोटाने चार-पाच वेळा दाबायचा, म्हणजे आतली हवा निघून औषध खाली उतरतं. पाच मिनिटं तसंच पडून राहायचं. उठल्यावर जे बाहेर येईल ते पुसायचं. कापूस कोंबून ठेवायचा नाही, तो ओल धरून ठेवतो. दिवसातून तीनदा. पहिले एक-दोन दिवस थोडी चुरचुर होते, ती सोसायची. आग असह्य झाली किंवा पाळी लाल होऊन सुजली तर औषधाचीच अ‍ॅलर्जी असू शकते, मग ते थांबवून दाखवायला यायचं.

पाचव्या दिवशी काकी आल्या. खाज बरीच कमी होती. नळीत पातळ पांढरट थर होता, त्यात काळं काही नव्हतं. तो पुन्हा शोषून काढला. दुसऱ्यांदा सफाई लागते, कधी तिसऱ्यांदाही, आणि हे उपचार फसल्याचं लक्षण नाही. मरणारी बुरशी आणि झडणारी त्वचा कुठेतरी जमणारच. ती तिथेच राहिली तर नव्या बुरशीला अन्न होते.

सातव्या दिवशी त्यांना काहीच त्रास उरला नाही. गौरी-गणपती तोंडावर आले होते, घरात पाहुणे होते. थेंब बंद झाले. विसर्जनानंतर चार-पाच दिवसांनी खाज परत आली. कानात पाहिलं तर काळे ठिपके पुन्हा डोकावत होते. असं का होतं? क्लोट्रिमॅझोल मुख्यतः वाढणाऱ्या धाग्यांची वाढ थांबवतं. निजलेल्या बीजाणूला वाढायचंच नसतं, त्यामुळे तो औषधाच्या तडाख्यातून सुटतो आणि औषध ओसरलं की रुजतो. म्हणून लक्षणं गेल्यावरही साधारण दोन आठवडे थेंब चालू ठेवावे लागतात, म्हणजे उशिरा रुजणारा प्रत्येक बीजाणू रुजताक्षणी औषधाला सापडतो. दुसऱ्या खेपेला पुन्हा सफाई केली, काकींनी थेंब पूर्ण मुदत घातले, पिन डब्यात ठेवली. दिवाळीत दाखवायला आल्या तेव्हा नळी कोरडी होती, पडदा चकचकीत होता आणि मळाचा पातळ तपकिरी थर परत आला होता. तो मळ मी काढला नाही.

काकींचा पडदा अखंड होता म्हणून हे सरळ झालं. पडद्याला भोक असेल तर काही गोष्टी बदलतात. स्पिरिट किंवा सॅलिसिलिक आम्ल असलेले थेंब भोकातून मध्यकर्णात गेले तर भयंकर झोंबतात आणि अंतर्कर्णालाही इजा करू शकतात. जुन्या काळी वापरलं जाणारं जांभळं औषध, जेन्शन व्हायोलेट, तेही अशा कानात धोक्याचं. भोक आहे हे घरी कसं ओळखावं? थेंब घातल्यावर औषधाची चव घशात उतरली तर पडदा फाटका आहे असं समजा आणि थेंब थांबवून दाखवा. दुसरी खूण स्रावाची. नळीच्या त्वचेत शेंबूड तयार करणाऱ्या ग्रंथी नसतात. कानातून चिकट, तार निघणारा स्राव येत असेल तर तो पडद्यामागूनच येतो. बुरशीमुळेही कधी पडद्याला लहान भोक पडतं. बुरशी गेल्यावर अशी बरीच भोकं आपोआप भरतात.

आता एका भीतीबद्दल. २०२१ च्या कोरोनाच्या लाटेनंतर ‘काळी बुरशी’ हे शब्द उच्चारले की लोकांचा चेहरा पडतो. त्या वर्षी महाराष्ट्रात अनेकांनी त्या आजाराने डोळे गमावले, प्राण गमावले. म्युकरमायकोसिस नावाचा तो आजार वेगळ्याच गटातल्या बुरशीचा. ती नाक आणि सायनसमधून शिरते, रक्तवाहिन्या बंद करते, आणि काळं दिसतं ते मेलेलं मांस. कानातला काळेपणा म्हणजे नुसता बीजाणूंचा रंग. तो कांद्यावर दिसतो तोच. तुमच्या कानात काळी बुरशी आहे असं मी सांगितलं तर घाबरू नका.

मात्र खरी धोक्याची जागा दुसरी आहे, आणि तिथे घाबरायलाच हवं. मधुमेह असलेला, विशेषतः वयस्कर माणूस. कान खाजण्याऐवजी खोलवर ठणकतो, रात्री झोप लागू देत नाही, साध्या वेदनाशामक गोळ्यांनी ऐकत नाही. नळीत कूर्चा आणि हाड जिथे जुळतात तिथे लाल मांसाचा कोंब दिसतो. पुढे त्याच बाजूचा चेहरा वाकडा होऊ शकतो. इथे संसर्ग त्वचा ओलांडून कवटीच्या हाडात शिरलेला असतो. बहुतेकदा तो स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूचा असतो, काही वेळा अ‍ॅस्परजिलसचा. थेंबांनी तो बरा होत नाही. सीटी स्कॅन, ऊतींचा तुकडा तपासणं, आठवडेच्या आठवडे शिरेतून किंवा पोटातून औषधं, असं सगळं लागतं. बुरशीविरोधी गोळ्या खऱ्या अर्थाने लागतात त्या अशा रुग्णांना. साध्या खाजऱ्या कानासाठी गोळ्या मागू नका, आणि कुणी सरसकट देत असेल तर का देता म्हणून विचारा.

ज्यांना दर पावसाळ्यात ही बुरशी होते, त्यांच्याशी थोडं बोलतो. डोकं धुताना किंवा शेतात उतरताना कापसाचा बोळा व्हॅसलीनमध्ये घोळवून कानाच्या खोलगट तोंडाशी ठेवा, आत कोंबू नका, आणि काम संपताच काढून टाका. पाणी गेलंच तर मान वाकडी करून पाळी ओढा, ते बाहेर येऊ द्या, टॉवेलच्या टोकाने फक्त बाहेरून पुसा. केस वाळवायचं यंत्र घरी असेल तर सगळ्यात कमी उष्णतेवर, हातभर लांबून अर्धा मिनिट वारा द्या. कानात तेल घालू नका. निरोगी कानाला त्याची गरज नसते आणि ओल्या कानात ते लगद्याला धरून ठेवतं. आंघोळीनंतर लगेच इअरफोन घालू नका. श्रवणयंत्र वापरणाऱ्या आजी-आजोबांनी उपचार चालू असताना त्या कानातलं यंत्र शक्य तितका वेळ काढून ठेवावं आणि कानात बसणारा साचा रोज पुसून कोरडा करावा. एवढं सगळं करूनही बुरशी फिरून फिरून येत असेल तर साखर तपासा, नळीत जुना इसब किंवा सोरायसिस आहे का ते पाहून घ्या, आणि कान पूर्वी वाहत होता का ते डॉक्टरांना आठवून सांगा.

या सभागृहात औषधविक्रेते बसले आहेत, आशाताई आहेत, शिक्षक आहेत. तुमच्याकडे एक मागणं आहे. पावसाळ्यात कुणी ‘कान खाजतोय, थेंब द्या’ म्हणालं तर बाटली देण्याआधी त्याला विचारा, की कान कुणी आत पाहिला का? पाहिला नसेल तर त्याला ज्या दिवशी तुमच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा तालुक्याला कान-नाक-घशाचे डॉक्टर बसतात, त्या दिवशी पाठवा. तोवर कान कोरडा ठेवायला सांगा, आणि आत काहीही घालू नको म्हणून सांगा. दोन-चार दिवस खाज सोसल्याने कान बिघडत नाही. मधुमेह असलेला माणूस रात्री कान ठणकतो म्हणाला, तर मात्र त्याला त्याच दिवशी पाठवा.